मुख्याध्यापकांच्या टेबलावरचा अर्ज

शाळेच्या कार्यालयात दिलेल्या कागदाचा प्रवास ठरलेला असतो. लिपिक तो घेतात, आवक नोंदवहीत त्याला एक क्रमांक मिळतो, त्यावर शिक्का बसतो आणि दिवसभराच्या बाकीच्या कागदांबरोबर तो मुख्याध्यापकांच्या टेबलावर जातो. त्या गठ्ठ्यात शिक्षण विभागाला पाठवायची माहिती असते, कुणाच्या दाखल्याची मागणी असते, शालेय पोषण आहाराचा हिशेब असतो. मुख्याध्यापक प्रत्येक कागद वाचतात आणि समासात एखादी ओळ लिहितात. तिला शेरा म्हणतात. ‘मान्य’, ‘चर्चा करावी’, ‘संबंधित शिक्षकांचा अभिप्राय घ्यावा’, ‘पाहिले’. दर आठवड्याला भरणाऱ्या संगीत मंडळासाठी एखाद्या विद्यार्थिनीने केलेला अर्जही याच गठ्ठ्यात येतो. तो लिहिताना एकच प्रश्न डोक्यात ठेवायचा: हा कागद वाचून मुख्याध्यापकांना आणखी कुणालाही काही न विचारता शेरा लिहिता येईल का?

कृतिपत्रिकेतल्या विनंतीपत्रात हा प्रश्न येत नाही. तिथे मायना, विषय, योग्य भाषा आणि शेवट यांना गुण असतात. त्यामुळे नववी-दहावीतली मुलं खरा अर्ज लिहायला बसली की पहिला परिच्छेद संगीताच्या महत्त्वावर खर्च करतात. संगीताने मन प्रसन्न होतं, एकाग्रता वाढते, ताण कमी होतो, असं सगळं त्यात येतं. मुख्याध्यापकांना हे पटवावं लागत नाही. परिपाठाला पेटी वाजली तर तो चांगला होतो, हे त्यांना ठाऊक असतं. अडचण असते ती मंडळाच्या खोलीची किल्ली कुणाकडे राहणार ही. दुसरा परिच्छेद मागण्यांचा असतो: दोन हार्मोनियम, दोन तबलाजोड्या, गिटार, कीबोर्ड, बासऱ्या. त्या यादीवर शेरा मिळतो तो ‘पाहिले’. त्या शेऱ्याला नकार म्हणता येत नाही, आणि पुढे काही घडतही नाही.

म्हणून अर्जाआधी कपाट बघायचं. बऱ्याच शाळांमध्ये वाद्यं आधीच असतात. स्नेहसंमेलनासाठी घेतलेली पेटी, पंधरा ऑगस्टच्या संचलनाचे ढोल-ताशे, लेझीम, कुणा माजी विद्यार्थ्याने दिलेला तबला. ही सगळी जडवस्तू नोंदवहीत चढवलेली असतात, आणि वर्षातले बहुतेक दिवस कुलुपात. वर्गशिक्षकांची परवानगी घेऊन एका दुपारी ही वाद्यं नुसती तपासून यावीत. अर्जातला सगळ्यात वजनदार मजकूर त्या दुपारीच तयार होतो.

पेटी तपासायला वादक असण्याची गरज नाही. तीन सप्तकांच्या आसपासच्या पेटीत 37 ते 42 पट्ट्या असतात. भाता हलवत एकेक पट्टी दाबत जायचं आणि कागदावर तीन खुणा करायच्या: कोणती पट्टी मुकी आहे, कोणती फुसफुसते आणि कोणता स्वर पट्टी सोडली तरी वाजत राहतो. मुक्या पट्टीखाली बहुधा पितळी स्वरपट्टीवर धूळ बसलेली असते आणि ती साफ केली की काम होतं. वाजत राहणाऱ्या स्वराची पट्टी पूर्ण वर येत नसते, कारण तिच्याखालची तार सैल पडलेली असते. मग भाता फुगवून, एकही पट्टी न दाबता, थोडा वेळ थांबायचं. हवा झरझर निघून गेली तर भात्याला किंवा आतल्या चामड्याला भोक आहे. ही दुरुस्ती कारागिराचीच, मुलांनी पेटी उघडू नये. उंदीर मात्र कुणीही ओळखतो. भात्याच्या घड्यांच्या कडा कुरतडलेल्या असतात.

तबल्याच्या बाबतीत शाईवर भेगा आहेत का ते बघायचं. शाईचे पापुद्रे निघत असतील तर आवाज पत्र्यासारखा येतो आणि पुडी बदलावी लागते. वाद्या तुटलेल्या नसाव्यात, गठ्ठे जागेवर असावेत. सहसा हरवलेल्या असतात त्या दोन साध्या वस्तू: सुरात लावायची हातोडी आणि तबल्याखालची चुंबळ. दोन्ही स्वस्तातल्या, पण चुंबळ नसली की तबला डगमगतो आणि हातोडी नसली की तो सुरात लावताच येत नाही. ‘तबला खराब आहे’ असं वर्षानुवर्षं ऐकून कुणी हात न लावलेला तबला पुष्कळदा एवढ्यासाठीच पडून असतो.

ही तपासणी अर्जात आली की मागणीचा सूरच बदलतो. ‘आम्हाला वाद्यं द्या’च्या जागी ‘शाळेच्या पेटीतल्या तीन पट्ट्या मुक्या आहेत, तबल्याला हातोडी आणि चुंबळ हवी, बाकी सगळं चालू आहे’ असं लिहिता येतं. मुख्याध्यापकांना खरेदीपेक्षा दुरुस्तीला हो म्हणणं केव्हाही सोपं जातं. नव्या खरेदीसाठी दरपत्रकं मागवावी लागतात, व्यवस्थापनासमोर विषय ठेवावा लागतो. दुरुस्ती किरकोळ खर्चात बसू शकते.

आता वेळ. शनिवारी सकाळची शाळा 11:30 ला सुटते असं धरू. मंडळ 11:30 ते 12:30. कार्यालय दुपारपर्यंत उघडं असल्याने शिपाईकाका शाळेत असतातच, त्यामुळे कुलपासाठी कुणाला वेगळं थांबावं लागत नाही. बाहेरगावाहून एसटीने येणाऱ्या मुलांची गाडी समजा पाऊणची आहे, तर साडेबाराला सुटणं त्यांना चालतं. दहावीचे जादा तास मात्र त्याच वेळी असतात. तबल्याचा आवाज भिंतीपलीकडे जातो आणि डग्ग्याचा तर दोन वर्ग ओलांडून जातो. म्हणून खोली मागायची ती मजल्याच्या दुसऱ्या टोकाची, उदाहरणार्थ चित्रकलेची. राज्य शासनाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ जाहीर केलेला आहे. शाळेत आठवीपर्यंतचे वर्ग असतील तर त्यांच्यासाठी हे मंडळ त्या उपक्रमात मोजता येईल का, असं अर्जात एका ओळीत विचारायला हरकत नाही. नववी त्या उपक्रमात येत नाही, हे लक्षात ठेवून विचारावं.

तासभर मिळाला तरी तो तासभर नसतो. वाद्यं काढणं आणि लावणं यात दहा मिनिटं जातात, ती पुसून पुन्हा ठेवण्यात दहा. उरली 40 मिनिटं. मुलं 16 आणि पेटी एक. सगळ्यांना समान वाटा दिला तर प्रत्येकाला अडीच मिनिटं येतात. सुट्ट्या आणि परीक्षा वगळून वर्षात 25 शनिवार मिळाले तर एका मुलाच्या वाट्याला वर्षभरात जेमतेम एक तास पेटी येते. हा हिशेब पाहून मुलं लगेच दुसरी पेटी मागतात. पण दुसऱ्या पेटीने अडीचची पाच मिनिटं होतात आणि एका खोलीत दोन पेट्या वेगवेगळं वाजवू लागल्या की कुणालाच काही ऐकू येत नाही. वाद्यांची संख्या वाढवून हा प्रश्न फारसा सुटत नाही.

आपल्याकडे संगीत शिकवण्याची जी रीत आहे, तिने तो सुटतो. तबला आधी तोंडाने शिकतात. त्रितालाचे सोळा मात्रांचे बोल हाताने टाळी-खाली दाखवत स्पष्ट म्हणता येईपर्यंत तबल्यावर हात ठेवू न देणारे गुरू आजही आहेत. त्या म्हणण्याला पढंत म्हणतात. पढंतीला वाद्य लागत नाही आणि सोळाजण एकाच वेळी ती करू शकतात. पेटीचंही तसंच आहे. एकजण अलंकार वाजवतो, तेव्हा उरलेले पंधरा तोच अलंकार सरगमने गातात. पेटी वाजवणारा त्या मिनिटांत साथ करत असतो आणि चुकला तर पंधरा गळे त्याला चूक ऐकवतात. अगदी लहान मुलांसाठी आणखी एक सोपी युक्ती आहे: एकाने भाता सांभाळायचा, दुसऱ्याने पट्ट्या वाजवायच्या. नवशिक्यांचे दोन्ही हात एकदम चालत नाहीत, तेव्हा ही जोडी चांगली जमते.

मग गट पाडायचे. चार-चार मुलांचे चार गट. एका शनिवारी एक गट पेटीवर, एक तबल्यावर, आणि दोन गट गायन व पढंतीत. पेटीवरच्या गटातल्या प्रत्येकाला त्या दिवशी सलग दहा मिनिटं मिळतात. सरासरी तीच अडीच मिनिटांची राहते, पण अडीच मिनिटांत बोटं पट्ट्यांवर स्थिरावतही नाहीत, तर दहा मिनिटांत एक अलंकार बसतो. तरी या मांडणीतही एक अडचण उरते. प्रत्येक गटाची पाळी चार आठवड्यांनी येते आणि तेवढ्या काळात बोटं विसरतात. त्यावर पट्ट्या रेखाटलेला पुठ्ठा घरी नेऊन बोटांचा क्रम घोटता येतो. स्वर त्यातून अर्थातच शिकता येत नाही. पाळी एक महिन्याने येणार आहे, हे अर्जात लपवू नये. मंडळात मुलं वाढवण्याची मर्यादा त्यावरूनच ठरते. सोळाच्या वर गेलात तर पाळी आणखी लांबते, म्हणून सोळा.

बासरीचं इथे वेगळं आहे. ती ओठांना लागते, तेव्हा ती सामायिक वाद्यांत धरूच नये. ज्याची त्याने आणावी. आणताना सर्वांनी एकाच पट्टीची आणावी, नाहीतर दोन बासऱ्या एकत्र वाजत नाहीत, कारण बासरीची पट्टी भोकांनी ठरलेली असते आणि नंतर बदलत नाही. तबल्याचंही काहीसं असंच. तोंड लहान तसा सूर चढा, आणि हातोडीने तो थोडाच वर-खाली करता येतो. पुढेमागे शाळेने तबला विकत घ्यायचं ठरवलं तर दुकानदार पहिला प्रश्न विचारेल, ‘कुठल्या पट्टीचा हवा?’ नववीत मुलांचे आवाज फुटत असतात आणि मुलींची पट्टी वर असते. तेव्हा सगळ्यांना एका पट्टीत गाता येणार नाही. याचा निर्णय संगीत जाणणाऱ्या शिक्षकाने करावा. अर्जात त्याबद्दल काही लिहू नये.

शिक्षकांचं नाव अर्जात घालण्याआधी त्यांना विचारावं. ‘सर, आम्ही अर्ज देणार आहोत, देखरेखीसाठी तुमचं नाव लिहू का?’ एवढंच. संगीत शिक्षकाचं पद पुष्कळ शाळांत नसतं, पण परिपाठाला पेटी वाजवणारे किंवा लहानपणी गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा दिलेले कुणी ना कुणी गणिताचे किंवा हिंदीचे शिक्षक सापडतात. त्यांना न विचारता नाव लिहिलं, तर मुख्याध्यापक पहिल्यांदा त्यांनाच बोलावतील आणि ते गोंधळतील. मंडळ तिथेच संपेल.

आणि पैसे. मुलांच्या डोक्यात लगेच वर्गणी येते. ती अर्जात लिहू नये. शाळेत मुलांनी आपसांत पैसे गोळा केले की पावती कुणी द्यायची आणि हिशेब कुणी ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो. आठवीपर्यंतच्या मुलांना 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचं संरक्षण आहे, त्यामुळे मुख्याध्यापक अशा गोष्टींत फार सावध असतात आणि ते योग्यच आहे. त्याऐवजी घरचं वाद्य आणता येतं. पण तेव्हा दोन शब्दांतला फरक अर्जात ठळक असावा. पालकांनी वाद्य शाळेला ‘भेट’ दिलं तर ते जडवस्तू नोंदवहीत चढतं आणि शाळेचं होतं. मुलगी दहावी होऊन गेली तरी ते परत मागता येत नाही. ‘वापरासाठी’ दिलं तर ते पालकांचंच राहतं. त्यासाठी पालकांची सही असलेला एक कागद लागतो. त्यात वाद्य कोणत्या अवस्थेत दिलं, परत कधी घ्यायचं आणि नेहमीच्या वापरात बिघडलं तर भरपाई मागणार की नाही, हे लिहिलेलं असतं. हे न ठरवता आणलेली ढोलकी फुटते तेव्हा भांडण मुलांमध्ये होत नाही, घराघरांत होतं.

एवढी तयारी झाली की अर्ज एका पानात मावतो. नववीतल्या एका विद्यार्थिनीचा अर्ज असा असू शकेल:

दिनांक : 12 जुलै

प्रति,
मा. मुख्याध्यापक

मार्फत : वर्गशिक्षक, इयत्ता नववी (ब)

विषय : दर शनिवारी संगीत मंडळ भरवण्यास परवानगी आणि शाळेतील वाद्यांचा वापर मिळणेबाबत.

महोदय,

मी इयत्ता नववी (ब) ची विद्यार्थिनी. आठवी आणि नववीतील आम्ही 16 विद्यार्थी दर शनिवारी 11:30 ते 12:30 या वेळेत संगीताचा सराव करू इच्छितो. सर्वांची नावे आणि पालकांच्या सह्या सोबत जोडल्या आहेत. एसटीने जाणारे पाच विद्यार्थी पाऊणच्या गाडीने जातील.

सरावासाठी चित्रकलेची खोली मिळावी. दहावीचे जादा तास पूर्वेकडील वर्गांत असल्याने तेथपर्यंत आवाज जाणार नाही. हिंदीच्या सरांनी देखरेखीस संमती दिली असून त्यांची सही खाली आहे. सराव चार गटांत होईल आणि प्रत्येक गटाची हार्मोनियमची पाळी चार आठवड्यांनी येईल.

शाळेची एक हार्मोनियम, एक तबलाजोडी आणि टाळांचे सहा जोड वापरण्यास मिळावेत. वर्गशिक्षकांच्या परवानगीने आम्ही ही वाद्ये पाहिली. हार्मोनियमच्या तीन पट्ट्या वाजत नाहीत. तबल्यास हातोडी आणि चुंबळ नाही. या दुरुस्तीचे दरपत्रक सोबत जोडले आहे. नवीन वाद्यांची मागणी नाही आणि विद्यार्थ्यांकडून वर्गणी घेतली जाणार नाही.

दर शनिवारी दोन विद्यार्थी वाद्ये घेताना आणि परत ठेवताना नोंदवहीत सही करतील. बिघाड आढळल्यास त्याच दिवशी सरांना कळवले जाईल आणि वाद्य बाजूला ठेवले जाईल.

प्रथम दिवाळीच्या सुट्टीपर्यंत परवानगी द्यावी. त्यानंतर आपण सराव पाहून पुढील निर्णय घ्यावा, ही विनंती.

आपली आज्ञाधारक,
(विद्यार्थिनीचे नाव व सही)

देखरेखीस संमती : हिंदीच्या शिक्षकांची सही

सोबत : 1) विद्यार्थ्यांची यादी व पालकांच्या सह्या 2) दुरुस्तीचे दरपत्रक

या अर्जात संगीताची स्तुती करणारं एकही वाक्य नाही, आणि त्यात त्याचं काही बिघडलेलं नाही. सगळ्यात उपयोगी वाक्य मला ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत’ हे वाटतं. कायमच्या परवानगीपुढे मुख्याध्यापक विचारात पडतात. पहिल्या सत्रापुरती परवानगी देताना मात्र काही गमावण्याची भीती नसते. शिवाय ही मुदत मुलांनाही हवी असते. ऑगस्टमध्ये चाचणी परीक्षा आली की सोळातले किती उरतात, हे तेव्हाच कळतं.

अर्जाच्या दोन प्रती न्याव्यात. दुसऱ्या प्रतीवर लिपिकांकडून शिक्का आणि तारीख घ्यावी. तिला पोच म्हणतात. आठ-दहा दिवसांनी विचारायला गेल्यावर ‘कुठला अर्ज?’ असं कुणी म्हटलं, तर आवक क्रमांक सांगता येतो. रोज जाऊन विचारू नये.

शेरा आल्यावर तो नीट वाचावा. ‘चर्चा करावी’ म्हणजे तुम्हाला बोलावणं आलं आहे. त्या भेटीला सोळाजणांनी जाऊ नये, दोघांनी जावं आणि नोंदवहीचा आखलेला नमुना बरोबर न्यावा. ‘शिक्षकांचा अभिप्राय घ्यावा’ असेल तर कागद त्या सरांकडे गेला आहे, आणि तुम्ही त्यांच्याशी आधीच बोलला असाल तर तो लवकर परत येतो. ‘दुसऱ्या सत्रात विचार करू’ हे टोलवणं असेलही, पण पुष्कळदा त्यामागे खरं कारण असतं. स्नेहसंमेलनाच्या तयारीत तीच पेटी आणि तीच खोली लागणार असते. अशा वेळी स्नेहसंमेलनाला साथ करण्याची तयारी दाखवून पुन्हा अर्ज करता येतो. ‘नाकारले’ असं स्पष्ट आलं तर कारण विचारावं. कारण बहुधा एकाच गोष्टीत असतं: खोली, वेळ किंवा देखरेख. नवा अर्ज तेवढी एक गोष्ट बदलून द्यावा.

मान्यता मिळालीच, तर पहिल्या शनिवारी नोंदवही आखून घ्यावी. रकाने पाचच पुरतात: तारीख, वाद्य, घेताना अवस्था, ठेवताना अवस्था, दोघांच्या सह्या. ‘अवस्था’ या रकान्यात ‘ठीक’ लिहायला बंदी करावी. ‘मधल्या सप्तकातला कोमल गंधार फुसफुसतो’ असं लिहिलं तर पुढच्या शनिवारी बिघाड वाढला की तसाच आहे, हे कळतं. ‘ठीक’वरून काहीच कळत नाही. हात पुसून पुडीला लावायचा, ओला किंवा तेलकट हात लावायचा नाही. पावसाळ्यात पुडी दमट होऊन सूर उतरतो, तेव्हा हातोडीने ठोकत सुटण्याआधी सरांना दाखवावं. वाद्या जास्त ताणल्या गेल्या तर कोरड्या हवेत पुडी फाटते. पेटी उचलायची ती खालून, दोघांनी. भात्याला धरून उचलली की बिजागरीपाशी घडी सुटते. काम झाल्यावर भाता मिटवून त्याचा आकडा लावायचा आणि पेटीवर कापड घालायचं.

मे महिन्याच्या सुट्टीआधी सगळी वाद्यं पुन्हा एकदा तपासून तो कागद मुख्याध्यापकांना द्यावा. सुट्टीत शाळा बंद असते, पण कपाटातले उंदीर सुट्टी घेत नाहीत. घरून ‘वापरासाठी’ आणलेली वाद्यं तेव्हा सही घेऊन घरी परत न्यावीत. जूनमध्ये नव्या अर्जासोबत मागच्या वर्षीची नोंदवही जोडावी. तोवर नववीतली मुलं दहावीत गेलेली असतात आणि त्यांच्या शनिवारी जादा तास असतात, म्हणून तो अर्ज आदल्या वर्षी आठवीत असलेल्यांपैकी कुणीतरी लिहायचा.